ट्रेल प्युअरच्या वर का बसतो: ५२, ४८ आणि एक जोकर

प्रश्न: काका, दिवाळीला मामाकडे सहा जण तीन पत्ती खेळत होतो. माझ्याकडे बदामाचे एक्का-राजा-राणी, एकदम प्युअर. चालीवर चाल करत गेलो, शेवटी मीच शो मागितला तर समोर दुर्रीचा ट्रेल! पोकरच्या अ‍ॅपवर तर स्ट्रेट फ्लश तीन सारख्या पत्त्यांच्या कितीतरी वर असतो, मग इथे उलटं का? आणि सगळा क्रम पण एकदा नीट सांगा, प्रत्येक घरी वेगळंच ऐकतो.

उत्तर:

अरे तुझं दुःख मी समजू शकतो, दुर्रीच्या ट्रेलनं मार खाणं म्हणजे राजवाड्यासमोर सायकलवाल्यानं धडक देण्यासारखं आहे, लागतं कमी पण लाज जास्त वाटते. मी इंदूरात गणिताच्या ट्यूशन घेतो आणि लक्ष्मीपूजनाच्या रात्री आमच्या घरी जो फड बसतो त्यात गेली तीसेक वर्षं पत्ते पिसायचं काम माझ्याकडेच आहे. आमच्याकडे चिंचोके लावतात, त्यामुळे भांडणं पैशाची नसतात, नियमाची असतात, आणि ती जास्त लांब चालतात. त्यातलं नंबर एकचं भांडण हेच, तू विचारलेलं.

आधी क्रम सांगून टाकतो. सगळ्यात वर ट्रेल, म्हणजे तीन सारखे पत्ते, त्यात तीन एक्के सगळ्यात मोठे आणि तीन दुर्र्या सगळ्यात छोट्या. त्याखाली प्युअर सिक्वेन्स, एकाच रंगाचे ओळीनं तीन. मग साधी सिक्वेन्स, ओळीनं तीन पण रंग मिक्स. मग कलर, रंग एक पण ओळ नाही. मग जोडी, आणि काहीच नसलं तर मोठा पत्ता. इस्पिक मोठं की बदाम मोठं असलं काही नसतं, रंगांमध्ये लहानमोठेपणा नाही, काही घरी करतात पण तो घरगुती नियम झाला. एक्का-दुर्री-तिर्री ही ओळ धरतात आणि बहुतेक ठिकाणी ती एक्का-राजा-राणीच्या खाली दोन नंबरवर ठेवतात, राजा-राणी-गुलामच्या वर. काही घरी तीच पहिल्या नंबरवर असते, तेव्हा वाटायच्या आधी विचारून घ्यायचं. राजा-एक्का-दुर्री मात्र ओळ नाही, गोल फिरवून जोडता येत नाही.

आता खरी गोष्ट. तू कुणालाही विचार ट्रेल मोठा का, तर शंभरातले नव्वद जण म्हणतील की भिया, ट्रेल कमी येतो म्हणून. आणि हे चुकीचं आहे. ऐकायला बरोबर वाटतं कारण बाकी सगळी उतरंड खरंच त्याच हिशोबानं लागलेली आहे, जे दुर्मिळ ते वर, फक्त वरच्या दोन पायऱ्यांवर हिशोब उलटा पडतो.

मोजून बघ, कागद पण लागत नाही. बावन्न पत्त्यांतून तीन पत्ते उचलायचे एकूण २२,१०० प्रकार आहेत. ट्रेल किती? एका नंबरचे चार पत्ते, त्यातले तीन घ्यायचे म्हणजे कुठला तरी एक बाहेर ठेवायचा, तर चार प्रकार, आणि नंबर तेरा, झाले ५२. प्युअर किती? ओळी मोज, एक्का-दुर्री-तिर्रीपासून राणी-राजा-एक्क्यापर्यंत बरोबर बारा होतात, आणि रंग चार, झाले ४८. म्हणजे प्युअर ४८ आणि ट्रेल ५२, प्युअरच जास्त दुर्मिळ! ट्रेल सरासरी ४२५ हातांत एकदा, प्युअर साधारण ४६० हातांत एकदा. आणि एखाद्या घरी एक्का-दुर्री-तिर्री ओळ धरतच नसतील तर प्युअर ४४ च उरतात, फरक अजून वाढतो. खाली मात्र सगळं सरळ आहे, साधी सिक्वेन्स ७२०, कलर १,०९६, जोडी ३,७४४, आणि उरलेले १६,४४० हात फुसके. म्हणजे चारातले जवळजवळ तीन हात तर काहीच नसलेले असतात, हे नवीन लोकांना पटत नाही.

तुझ्या पोकरच्या अ‍ॅपचं म्हणशील तर तिथे पाच पत्ते असतात आणि पाच पत्त्यांत आकडे पार बदलतात. तिथे स्ट्रेट फ्लश ४० च आहेत आणि तीन सारखे हजारोंनी येतात, तर तुलनाच नाही. बरं, पाच पत्त्यांत फ्लश स्ट्रेटपेक्षा मोठा आणि आपल्याकडे सिक्वेन्स कलरपेक्षा मोठी, हे पण उलटं आहे, पण ते बरोबर उलटं आहे, कारण तीन पत्त्यांत ओळ लागणं कलरपेक्षा खरंच अवघड आहे. डेरेक वेब म्हणून एक इंग्लिश माणूस आहे, त्यानं १९९४ साली कॅसिनोसाठी तीन पत्त्यांचा पोकर तयार केला, त्यात त्यानं आकड्यांचं ऐकलं आणि स्ट्रेट फ्लश तीन सारख्यांच्या वर ठेवला. म्हणजे तुझ्या बाजूनं बोलणारा खेळ जगात आहे, फक्त तो तुझ्या मामाकडे चालत नाही.

मग आपल्याकडे असं का? तीन पत्ती ही इंग्लंडच्या ब्रॅगच्या घराण्यातली. अठराव्या शतकातल्या जुन्या ब्रॅगमध्ये ओळ आणि कलर हा प्रकारच नव्हता, फक्त जोडी आणि तीन सारखे, एवढंच मोजायचे. तीन सारख्यांना ते पेअर रॉयल म्हणायचे, म्हणजे राजेशाही जोडी, आणि बोलता बोलता त्याचं प्रायल झालं, आजही ब्रॅगवाले प्रायलच म्हणतात. ओळी आणि कलर नंतर आले. आता माझं मत असं की नवीन आलेल्या पाहुण्यांना जुन्या मालकाच्या खाली जागा मिळाली, बस. गादीवर ट्रेल आधीपासून बसलेला होता, त्याला उठवायला कुणी २२,१०० हात मोजत बसलं नाही. आणि मोजल्याशिवाय हे कळणार पण नाही, विचार कर, सहा जण रात्रभरात साठ डाव खेळले तर ३६० हात झाले, म्हणजे २२,१०० हात व्हायला साठेक रात्री लागतील, आणि तेवढ्या रात्रींनंतर सरासरी फरक किती दिसणार तर ५२ विरुद्ध ४८. कुणाच्या लक्षात येणार? गंमत म्हणजे ब्रॅगमध्ये सगळ्यात मोठा ट्रेल एक्क्यांचा नसून तिर्रीचा असतो, आणि एक्का-दुर्री-तिर्री ही सगळ्यात मोठी ओळ. काही घरी एक्का-दुर्री-तिर्री एक नंबरवर ठेवतात, ती सवय ब्रॅगशी जुळते.

पण जुनी सवय म्हणूनच ट्रेल वर टिकला असं पण नाही, त्याचा एक फायदा आहे जो पत्ते वाटणाऱ्याला लगेच कळतो. ट्रेलमध्ये बरोबरी होऊच शकत नाही. तुझ्याकडे तीन राण्या असतील तर जगात चौथी एकच उरली, दुसऱ्याकडे राणीचा ट्रेल येणार कुठून? तेरा ट्रेल, तेरा वेगळ्या पायऱ्या, आणि तीन एक्के आले म्हणजे विषय संपला, त्याच्यावर काही नाही आणि त्याच्या बरोबरीला पण काही नाही. प्युअरचं तसं नाही. बदामाचे एक्का-राजा-राणी आणि चौकटचे एक्का-राजा-राणी अगदी बरोबरीचे, आणि असे चार असू शकतात. प्युअर वर ठेवलं असतं तर खेळातला सगळ्यात मोठा हातच बरोबरीत अडकला असता, आणि बरोबरी झाली की आपल्याकडे नियम काय, तर ज्यानं शो मागितला तो हरतो. म्हणजे सगळ्यात मोठे पत्ते हातात घेऊन माणूस शो मागायला घाबरला असता.

आता तू म्हणशील की आकडे काहीही असोत, खेळताना ट्रेल अवघडच वाटतो. वाटतो, आणि त्याचं पण कारण आहे, मला हे कळायला फार वर्षं लागली. आपण पत्ते एकदम बघत नाही ना, दोन बघतो आणि तिसरा हळूहळू सरकवतो. तर त्या दोन पत्त्यांपाशी थांब. ट्रेलची आशा केव्हा लागते? दोन पत्ते जोडीचे असले तर, आणि अशा जोड्या आहेत ७८. प्युअरची आशा केव्हा लागते? दोन पत्ते एका रंगाचे आणि शेजारचे असले तर, किंवा मध्ये एकच सोडून असले तर. एका रंगात शेजारच्या जोड्या १३, एक सोडून असलेल्या १२, मिळून २५, आणि चार रंगांच्या १००. म्हणजे प्युअरची आशा ट्रेलपेक्षा जास्त वेळा लागते, म्हणून ते जवळचं वाटतं. पण आशा पुरी होताना बघ, जोडी असली तर तिसऱ्या पत्त्याला पन्नासातले दोन चालतात, नेहमी दोन. बदामाची अठ्ठी-नव्वी असली तरी दोनच, सत्ती किंवा दश्शी. पण बदामाची अठ्ठी आणि दश्शी असली तर फक्त नव्वी, एकच. आणि एक्का-दुर्री किंवा राजा-एक्का असले तरी एकच, कारण पलीकडे रस्ता बंद आहे. म्हणून शंभर वेळा आशा लागून पण ४८ च हाती येतात आणि ७८ वेळा लागून ५२. प्युअर आशा जास्त दाखवतं आणि फसवतं पण जास्त.

हे ७८ आणि १०० लक्षात ठेव कारण आता जोकर आणतोय. आमच्या फडात रात्री बारानंतर मुलं ऐकत नाहीत, गड्डीत छापील जोकर टाकतात. एक जोकर टाकला की प्रत्येक अर्धवट आशा पुरी होते, कारण जोकर काहीही बनतो. जोडीला जोकर लागला की ट्रेल, तर ट्रेल झाले ५२ अधिक ७८, १३०. आणि प्युअर झाले ४८ अधिक १००, १४८. बघितलंस? एक जोकर टाकल्याबरोबर ट्रेल खरोखर दुर्मिळ झाला, आणि लोक जे उगाच म्हणत होते ते अचानक खरं झालं! मग मुलांनी दुसरा जोकर टाकला. आता प्रत्येक जोकरमागे ७८ ट्रेल आणि १०० प्युअर, शिवाय दोन्ही जोकर एकाच हातात आले तर कुठल्याही तिसऱ्या पत्त्याबरोबर ट्रेलच करणार ना, ते ५२ अजून. हिशोब झाला ट्रेल २६०, प्युअर २४८. परत उलटं. तर ट्रेल दुर्मिळ आहे का, या प्रश्नाचं उत्तर गड्डीत जोकर किती आहेत त्यावर आहे, आणि कुणी तावातावानं वाद घालायला लागला तर मी आधी जोकर किती ते विचारतो.

एक मधलंच सांगून टाकतो, हे सगळे आकडे पत्ते नीट पिसलेले असतील तरच. सहा जणांच्या साठ डावांच्या रात्रीत हिशोबानं एखादाच ट्रेल यायला पाहिजे, तीन आले तरी मी गप्प बसतो, कधीतरी होतं तसं, पण पाचसहा यायला लागले तर पिसणाऱ्याकडे बघायचं. बहुतेक वेळा लबाडी नसते, आळस असतो. डाव संपला की शो झालेले पत्ते तसेच चिकटून गड्डीवर टाकतात, एकदोनदा वरवर पिसतात आणि मग घाईत तीन-तीन पत्ते एकदम वाटतात, तर चिकटलेली जोडी सरळ एकाच्या हातात जाते. एक-एक पत्ता फिरवून वाटला तर तीच जोडी शेजाऱ्या-शेजाऱ्यांत वाटली जाते. इंग्लंडात ब्रॅगवाल्यांची रीत अजून अजब, ते प्रत्येक डावानंतर पिसतच नाहीत, पत्ते गोळा करून गड्डीच्या खाली लावतात आणि प्रायल आला की मगच पिसतात. त्यांना चिकटलेले पत्तेच हवे असतात बहुतेक.

आता तुझा हात. तुझ्याकडे बदामाचे एक्का-राजा-राणी, म्हणजे प्युअरमधलं सगळ्यात मोठं, तुला फक्त ट्रेल मारू शकत होता. तुझे तीन पत्ते बाजूला काढले तर उरले ४९, त्यातून समोरच्याला हात मिळायचे १८,४२४ प्रकार. त्यात ट्रेल किती? एक्का, राजा, राणी यांचे तुझ्याकडे एकेक असल्यामुळे प्रत्येकी तीनच उरले, तर प्रत्येकी एकच ट्रेल, ते ३. बाकी दहा नंबरांचे प्रत्येकी ४, ते ४०. एकूण ४३. म्हणजे एका माणसाकडे ट्रेल असायची शक्यता ४२८ मध्ये एक, आणि समोर पाच जण होते म्हणून त्या पाचांपैकी कुणाकडे तरी असायची साधारण ८६ मध्ये एक. पत्ते उचलले तेव्हा तू चाल लावलीस ते शंभर टक्के बरोबर, मी पण लावली असती, त्यात पश्चात्ताप करायचा काही नाही.

पण तू लिहिलंयस चालीवर चाल, आणि तिथे मला थोडं बोलायचंय. ते ४२८ मध्ये एक हे समोरच्याबद्दल काहीच माहिती नसतानाचं आहे. चार जण पॅक झाले, एकच उरला, त्यानं पत्ते बघितलेत आणि तू दुप्पट केलं की तो न बोलता देतोय, पुन्हा दुप्पट केलं की पुन्हा देतोय, तर आता तो काहीही पत्ते असलेला माणूस राहिला नाही. तो कसा खेळतो यावर सगळं आहे. जोडीवर पण अडून बसणारा असेल, आमचे एक भाऊजी तसेच आहेत, तर बिनधास्त चालवत राहा. पण असा माणूस असेल की जो प्युअरच्या खाली इतकं लांब जातच नाही, तर हिशोब बघ. त्याच्याकडे ट्रेल असायचे प्रकार ४३. आणि प्युअर असायचे? बदामात तुझ्या पत्त्यांमुळे चार ओळी मेल्या, राणी-राजा-एक्का, गुलाम-राणी-राजा, दश्शी-गुलाम-राणी आणि एक्का-दुर्री-तिर्री, तर बदामाच्या ८ उरल्या, बाकी तीन रंगांच्या ३६, एकूण ४४. चव्वेचाळीसला त्रेचाळीस! तुझ्या हातात खेळातलं सगळ्यात मोठं प्युअर आणि तरी जवळजवळ अर्ध्या वेळा तू हरतोस, वर त्या ४४ मधले ३ तुझ्याच बरोबरीचे, म्हणजे शो तू मागितलास तर ते तीन पण गेले.

तेव्हा मामाकडे समोर कोण होतं ते आठवून बघ. भाऊजींसारखा कुणी असेल तर नशीब म्हण आणि सोड. पण वर्षभर एक चिंचोका विचार करून टाकणारा, गप्प माणूस असेल, तर तिसऱ्या दुपटीलाच शो मागायचा होतास, हरला तर तेव्हा पण असतास, फक्त अर्ध्या चिंचोक्यांत.